एकशे वीसच्या जागी दोनशे पाच: एका स्कूटरच्या गिअर ऑइलचं प्रकरण

मिरजेजवळच्या एका गावातल्या अंगणवाडी सेविका ताई आषाढात गाडी घेऊन माझ्या गॅरेजमध्ये आल्या. 110 सीसीची ऑटोमॅटिक स्कूटर, मीटरवर 27,400 किलोमीटर. तक्रार एकच होती. "भाऊ, मागचा ब्रेक लागतच नाही. लायनर नवीन टाकलेत, तरी दाबला की गाडी घसरत पुढं जाते."

नवीन लायनर टाकून ब्रेक लागत नसेल तर बहुतेक वेळा केबलचं ॲडजस्टमेंट चुकलेलं असतं. तेवढंच असेल या हिशेबाने मी मागे वाकलो, आणि रिमच्या आतल्या अंगाला चिखल चिकटलेला दिसला. सुकलेला नाही, तेलकट, काळपट, आऱ्यांच्या दिशेने बाहेर फेकला गेलेला. बोट लावून वास घेतला. गंधकासारखा उग्र वास. इंजिन ऑइलला असा वास नसतो, तो जाड गिअर ऑइलला असतो. म्हणजे ब्रेकचा दोष ब्रेकमध्ये नव्हताच.

ताईंना आधीचं काय काय झालं ते विचारलं. त्यांनी डिकीतून एक वही काढली. पेट्रोल, हवा, सर्व्हिसिंग, सगळं तारखेनिशी लिहिलेलं. अशी वही दहा गिऱ्हाइकांत एकाकडे निघते, आणि या प्रकरणात निम्मं काम तिनेच केलं. 24,000 ला सर्व्हिसिंग, त्यात "गिअर ऑइल टाकले". 25,100 ला मागचे लायनर बदलले. 26,000 ला मागच्या चाकाचं ऑइल सील बदललं, लायनर पुन्हा नवीन. 27,400 ला माझ्याकडे. तीन ठिकाणी काम झालं होतं आणि तिन्ही ठिकाणी जे दिसलं तेवढंच दुरुस्त झालं होतं.

"टाकले" या शब्दापाशी मी थांबलो. वहीत इंजिन ऑइलसाठी प्रत्येक वेळी "बदलले" असं लिहिलं होतं, गिअर ऑइलसाठी फक्त "टाकले". विचारलं तर ताई म्हणाल्या, "त्यांनी खालून काही काढलं नाही. वरचा बोल्ट उघडला आणि मोठ्या डब्यातून नरसाळ्यानं ओतलं. मी तिथंच बसले होते."

पुढं जाण्याआधी स्कूटरच्या मागच्या भागाची रचना सांगतो, कारण ती माहीत नसल्यामुळेच ही चूक होते. मोटारसायकलमध्ये बहुतेक वेळा इंजिन, क्लच आणि गिअर एकाच तेलात असतात. ऑटोमॅटिक स्कूटरमध्ये तसं नाही. तिथं तीन वेगळे कप्पे असतात. पहिला इंजिनचा, त्याचं तेल वेगळं. दुसरा डाव्या बाजूच्या लांब कव्हरखालचा, त्यात बेल्ट, दोन पुली आणि क्लच. हा कप्पा कोरडा असतो, त्यात तेलाचा थेंबही चालत नाही, नाहीतर बेल्ट घसरतो. तिसरा मागच्या चाकाला लागून असलेली छोटी पेटी. बेल्टकडून आलेला वेग चाकाला द्यायला फार जास्त असतो, म्हणून या पेटीतले दातेरी चक्रांचे दोन टप्पे तो आठ-दहा पटींनी कमी करतात. यात बदलायचे गिअर नाहीत, एकच ठरलेलं प्रमाण. पेटी मूठभर, म्हणून तेलही मूठभर. गिअर ऑइल म्हणतात ते एवढंच.

या पेटीतून जो दांडा चाकात जातो तो ब्रेकच्या लायनरच्या अगदी मधून जातो. दांड्याभोवती रबराचं एक ऑइल सील असतं, आणि त्या सीलच्या एका बाजूला तेल तर दुसऱ्या बाजूला ब्रेक. सील गळायला लागलं की तेल थेट लायनरवर. तेल लागलेलं लायनर कितीही नवीन असलं तरी साबण लावलेल्या हातासारखं ड्रमवरून सरकतं.

चाक काढलं. ड्रम ओला, दोन्ही लायनर तेलाने काळे. सील चौदाशे किलोमीटरपूर्वी बदललेलं, ओठ मऊ, कुठं चीर नाही. चांगलं सील गळतंय याचा अर्थ आतून काहीतरी त्याला ढकलतंय. ऑइल सील हे उडणारं तेल अडवण्यासाठी असतं, दाब अडवण्यासाठी नसतं. बेल्टचं कव्हरही उघडून पाहिलं. आतल्या बाजूच्या सीलपाशी कोरडं होतं, तेवढं नशीब.

आता पेटीतलं तेल काढायची वेळ. इथं एक सवय सांगतो, ती मला एकदा महागात पडल्यावर लागली. खालचा निचऱ्याचा बोल्ट आधी खोलायचा नाही. आधी वरचा भरायचा बोल्ट सैल होतो का ते बघायचं. तो गंजून बसला असेल आणि तुम्ही खालून तेल सोडून दिलेलं असेल, तर गाडी तिथंच अडकते, कारण भरायला वाटच नाही. वरचा बोल्ट हलला की मग खालचा.

चाक बसवून गाडी दोन किलोमीटर फिरवून आणली, सावकाश, पुढच्या ब्रेकवर. तेल कोमट झालं की पूर्ण उतरतं आणि तळाला बसलेली पूडही सोबत येते. मग मेन स्टँडवर, सपाट जागी. खाली नेहमीचा ट्रे न ठेवता माप असलेला प्लास्टिकचा जग ठेवला. इंजिन बंद, चावी काढलेली, आणि तेलाची धार थांबल्यावर चाक हाताने फिरवलं, म्हणजे दात्यांच्या मधे अडकलेलं तेल सुटतं. दहा मिनिटं तसंच ठेवलं.

जगात 205 मिली भरलं. त्या गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय, तेल बदलताना 120 मिली.

हिशेब जुळत होता. पेटीत आधीचं कंपनीचं तेल होतंच. 24,000 ला ते न काढता वरून आणखी ओतलं गेलं, आणि 26,000 ला सील बदलताना थोडं सांडलं म्हणून पुन्हा थोडं घातलं गेलं असणार. अधलंमधलं ब्रेकच्या वाटेने गळून गेलं. एवढं करून ऐंशीवर मिली जास्तच होतं. बादलीत ऐंशी मिली म्हणजे काहीच नाही, पण या पेटीत ते दीडपटीपेक्षा जास्त होतं.

तेल कमी पडलं तर गिअर खातात हे सगळ्यांना कळतं. जास्त झालं तर काय, हे मात्र सहज लक्षात येत नाही. पेटीत तेलाच्या वर थोडी हवेची जागा ठेवलेली असते. खालचं चक्र तेलात बुडतं आणि फिरताना तेल वर उडवून बाकीच्या दात्यांना व बेअरिंगांना पाजतं. तेल जास्त झालं की चक्रं त्यात पूर्ण बुडून ढवळत राहतात. ढवळून फेस होतो, तेल तापतं, वरची हवा तापून फुगते. ती हवा बाहेर जायला पेटीच्या वरच्या अंगाला ब्रीदर नावाचं बारीक भोक असतं. तेल जास्त असेल तर थोडं तेल ब्रीदरमधूनच बाहेर येतं, आणि ब्रीदर मोकळा असेल तर गोष्ट तिथंच थांबते, पेटीवर तेलकट डाग पडतो इतकंच.

ताईंच्या गाडीचा ब्रीदर काळ्या मातीने लिंपलेला होता. उसाच्या रानातून जाणारा कच्चा रस्ता, पावसाळ्यात चिखल, आणि धुताना त्याच जागेवर प्रेशर गनचा फवारा, त्यामुळे माती आत दाबली गेली. हवेला वाट नाही, तेल जास्त, उन्हाळ्याचे दिवस. दाबाला सगळ्यात मऊ जागा सापडली ती चाकाच्या सीलची. म्हणूनच नवीन सीलसुद्धा हजार किलोमीटर टिकलं नाही. आधी सील बदलणाऱ्याने चुकीचं काम केलं असं मी म्हणणार नाही. सील गळत होतं, त्याने सील बदललं. फक्त ते का गळतंय हे विचारलं नाही, आणि निघालेलं तेल मोजलं नाही.

खरं तर ज्या गाड्यांत भरायचं भोक हेच तेलाची पातळी दाखवतं त्यांत ही चूक होणं अवघड असतं. सपाट जागी मेन स्टँडवर गाडी असेल तर भोकाच्या काठाशी तेल आलं की भरलं, जास्तीचं आपोआप बाहेर ओघळतं. काही मॉडेलमध्ये भरण्याच्या बोल्टलाच मापाची काडी असते. पण काहींत भोक बरंच वरच्या अंगाला असतं आणि पातळी दाखवणारी कुठलीही खूण नसते. तिथं मापून टाकण्याशिवाय इलाज नाही. ही गाडी त्यातली होती.

मापायला मी मेडिकलमधून आणलेली 60 मिलीची सिरिंज वापरतो, सुई न लावता. तोंडाला सलाइनच्या नळीचा वीतभर तुकडा. दोन सिरिंज म्हणजे 120 मिली, डोळे झाकून. नरसाळं आणि पाच लिटरचा डबा घेऊन 120 मिली ओतणं माझ्याच्याने अजून एकदाही जमलेलं नाही, आणि कोणाला जमतं यावर माझा विश्वास नाही.

पुस्तिकेतला आणखी एक आकडा लोकांना फसवतो. तिथं दोन मापं असतात. या गाडीत बदलताना 120 आणि पेटी पूर्ण उघडून जोडल्यावर 140. दोन्ही बरोबर आहेत. खालून तेल सोडलं तरी भिंतींना, बेअरिंगांना, कोपऱ्यांत वीसेक मिली चिकटून राहतं. त्यावर 140 घातलं की झाले 160. मोठा आकडा बघून "थोडं जास्त बरं" असं वाटणं साहजिक आहे, पण तो आकडा कोरड्या पेटीचा आहे.

आता ग्रेड. निघालेलं तेल जाड होतं आणि वास जीएल-5 प्रकारच्या 90 नंबरचा, जे ट्रॅक्टर आणि जीपच्या मागच्या धुऱ्यात घालतात. या स्कूटरच्या पुस्तिकेत 10डब्ल्यू-30 लिहिलंय, म्हणजे इंजिनमध्ये जातं तेच तेल. हे ऐकून ताईंना आश्चर्य वाटलं. "गिअर ऑइल म्हणजे वेगळं जाड तेल ना?" नाव गिअर ऑइल असल्यामुळे गोंधळ होतो. काही कंपन्या या पेटीत इंजिन ऑइल सांगतात, काही 80डब्ल्यू-90 सारखं गिअर ऑइल सांगतात. दोन्ही पद्धती चालतात, कारण पेटी त्या त्या तेलाचा विचार करून बनवलेली असते. दुकानदाराच्या तोंडून नव्हे, पुस्तिकेतून वाचायचं ते यासाठी.

इथं मला एक गैरसमज मोडायचा आहे, आणि तो जास्त करून आम्हा मेकॅनिकांचा आहे. 90 हा आकडा 30 च्या तिप्पट दिसतो म्हणून तेल तिप्पट जाड असेल असं वाटतं. गिअर ऑइलची आणि इंजिन ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे. गरम असताना, म्हणजे 100 अंशाला, 90 नंबरचं गिअर ऑइल साधारण 40 किंवा 50 नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच जाड असतं. मोजपट्ट्या मुद्दाम वेगळ्या ठेवल्यात, एकाचं तेल दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. उद्देश चांगला, पण गॅरेजमध्ये त्यामुळे उलटाच गोंधळ झालाय.

म्हणून ताईंच्या गाडीत 90 नंबर गेलं हा मोठा अपराध नव्हता. थंडीच्या पहाटे ते घट्ट राहतं, गाडी पहिले दोन किलोमीटर ओढल्यासारखी चालते, पेट्रोल किंचित जास्त जातं. जीएल-5 मधली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं पितळ-काशाच्या भागांना त्रास देऊ शकतात, पण या पेटीत बॉल आणि सुयांची बेअरिंगं आहेत, पिवळ्या धातूचं काही नाही. नुकसान केलं ते जास्तीच्या मापाने आणि बुजलेल्या ब्रीदरने. उलटी चूक मात्र मी जास्त वाईट समजतो. जिथं 80डब्ल्यू-90 सांगितलंय तिथं पातळ 10डब्ल्यू-30 घालणं. तिथं दात्यांवरचा तेलाचा पडदा अपुरा पडू शकतो आणि पेटी गुणगुणायला लागते.

निघालेलं तेल उन्हात धरून पाहिलं. करडी, चंदेरी झाक, बोटात घासलं तर पीठ लागावं तशी. एवढ्या किलोमीटरला हे साहजिक आहे, कारण या पेटीला फिल्टर नसतो. दाते एकमेकांना घासून जी पूड निघते ती तेलातच राहते. जगात चुंबक फिरवलं, त्याला चिखलासारखा लेप बसला, पण नखाला टोचेल असा कण किंवा चकती नाही. तशी चकती निघाली असती तर तेल बदलून भागलं नसतं, पेटी उघडायला लागली असती. तेल दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी शिरलेलं नव्हतं. ब्रीदर बंद असल्याचा तेवढा एक फायदा झाला असावा.

काम पुढीलप्रमाणे केलं. ब्रीदर बारीक तारेने मोकळा करून हवा मारली. चाकाचं सील पुन्हा नवीन टाकलं, कारण दाबाने ताणलेल्या ओठावर माझा भरवसा नव्हता. लायनर नवीन. तेल प्यालेलं लायनर पेट्रोलने धुऊन, वाळूच्या कागदाने घासून परत बसवणारे आहेत, पण तापलं की आतलं तेल पुन्हा वर येतं. ड्रम मात्र धुऊन चालतो. पेटी रॉकेलने धुवायची का, असं माझ्या पोऱ्याने विचारलं. नको म्हणालो. तेच वीसेक मिली रॉकेल आत राहील आणि नवीन तेल पातळ करील. त्याऐवजी सांगितलेलं 10डब्ल्यू-30 दोन सिरिंज भरलं आणि ताईंना तीनशे किलोमीटरने परत बोलावलं. आत उरलेलं जुनं जाड तेल त्या फेरीत नव्यात मिसळून निघून जातं.

खालच्या बोल्टचा वॉशर नवीन. हा बोल्ट आवळताना हात आवरावा लागतो. पेटी ॲल्युमिनियमची, बोल्ट लोखंडाचा. लांब पान्ह्यावर वजन टाकून आवळला की आटे जातात, आणि मग दहा रुपयांच्या वॉशरच्या जागी पेटीत नवी आटेदार बुशिंग बसवायचं काम निघतं. आखूड पान्हा, मनगटाचा जोर, वॉशर दबल्याचं जाणवलं की बस.

27,720 ला ताई आल्या. निघालं 118 मिली, पातळ, थोडं करडं. ब्रीदर कोरडा, ड्रम कोरडा. परत 120 भरलं. "गाडी मोकळी झाल्यासारखी वाटते," त्या म्हणाल्या. ब्रेकचं खरं होतं. मोकळेपणाचं मी हसून सोडून दिलं, ढवळणं कमी झालंय हे खरं, पण एवढ्याने हाताला फरक कळतो की नाही मला शंका आहे.

मग मुख्य प्रश्न आला, आता कधी बदलायचं. या गाडीच्या पुस्तिकेत ठरलेलं अंतर आणि ठरलेला काळ, दोन्हींपैकी आधी येईल ते, असं सांगितलंय. मॉडेलनुसार आकडा वेगळा असतो, म्हणून आपापली पुस्तिका बघावी. इंजिन ऑइलचा नियम इथं लावू नये. इंजिनमध्ये जाळाची काजळी आणि पेट्रोलची वाफ तेलात मिसळते, म्हणून ते लवकर मरतं. या पेटीत जाळ नाही, तेल फक्त दात्यांची पूड आणि वय सोसतं. त्यामुळे ते कितीतरी पट जास्त चालतं. पण नवी गाडी याला अपवाद आहे. नव्या दात्यांची खडबड पहिल्या काही शे किलोमीटरांत घासून निघते आणि सगळी पूड त्या पहिल्या तेलात जाते, म्हणून पहिला बदल लवकर करणं मला पटतं.

ताईंची गाडी वर्षाला सहाएक हजार चालते. त्यांना मी दहा-बारा हजारांवर, म्हणजे दोन वर्षांतून एकदा, आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर फक्त तपासणी असं सांगितलं. गुडघाभर पाण्यातून गाडी गेली तर मात्र वाट बघायची नाही. गरम पेटी थंड पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढलं जातं. खालचा बोल्ट सैल करून पहिला चमचाभर बघायचा. दुधाळ असेल तर तेवढंच काढून थांबू नये, पूर्ण बदलावं, आणि शंभर-दोनशे किलोमीटरने आणखी एकदा.

दर इंजिन ऑइलबरोबर गिअर ऑइलही बदलून घेणारे गिऱ्हाईक येतात. त्यांना मी नको म्हणतो. तेल वाया जातं हा मुद्दा लहान आहे, आटे दर तीन महिन्यांनी उघडझाप सहन करत नाहीत हा मोठा. दुसऱ्या टोकाला असे आहेत ज्यांच्या बिलात गिअर ऑइल दरवेळी लागलेलं असतं आणि खालच्या बोल्टच्या भोवती वर्षांची माती जशीच्या तशी. ती माती हाच पुरावा. बदललं म्हणणाऱ्याला निघालेलं तेल दाखवायला सांगावं, राग येऊ नये अशा शब्दांत.

तेलाची गोष्ट स्वस्तातच आहे. लिटरच्या बाटलीतून इंजिनला सात-आठशे मिली लागतं, उरतं त्यात या पेटीचं सहज भागतं, मात्र ग्रेड तीच सांगितलेली असेल तरच. उरलेलं बाटलीत झाकण घट्ट लावून, तारीख लिहून ठेवायचं.

वहीत त्या दिवशी ताईंनी लिहिलं: "27,720, गिअर ऑइल बदलले, 120 मिली, 10डब्ल्यू-30." शब्द "बदलले" होता. 32,150 ला त्या टायर बदलायला आल्या तेव्हा मी चाक काढल्यावर ड्रममध्ये बोट फिरवून पाहिलं. कोरडी तपकिरी धूळ.